नळी तीच, थर तोच, औषधं मात्र तीन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला ‘अभेद्य जिवाणू’ हा लेख वाचला. मथळा झकास आहे, पण आत वाचकाच्या हाती काय लागलं? मूत्राशयात घालून ठेवलेल्या लघवीच्या नळीवर जिवाणूंचा चिकट थर बसतो, त्यापुढे शेवटच्या फळीची औषधंही हतबल ठरतात, आणि आता नव्या, जहाल औषधाची वाट पाहायची. पहिलं विधान बरोबर आहे, दुसरं अर्धवट. तिसरं वाचून मात्र पत्र लिहायला बसावं लागलं, कारण अशा वेळी करायची गोष्ट औषधांच्या दुकानात नसून त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला असते.

लेखात ज्या वृद्ध रुग्णाचं उदाहरण दोन ओळींत उरकलं आहे, तशी प्रकरणं प्रयोगशाळेत आम्हाला नेहमीची आहेत. त्यातलं एक नीट उलगडून सांगतो. प्रोस्टेटमुळे लघवी अडलेली, शस्त्रक्रिया झेपणार नाही, म्हणून दोन महिने तीच फोलीची नळी आत. एके दिवशी पिशवीतली लघवी गढूळ दिसू लागली, वासही येऊ लागला. ताप नाही, थंडी नाही, कुशीत किंवा ओटीपोटात दुखणं नाही, भान ठीक. तरी पिशवीच्या तोटीतून नमुना काढला गेला आणि कल्चरला आला. तीन जातींचे जिवाणू निघाले, प्रत्येक मिलिलीटरला लाखाच्या वर. सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू झालं.

इथेच पहिली गफलत. नळी घातल्यापासून दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत जिवाणू शिरकाव करतात, महिन्याभरात जवळजवळ सगळ्यांच्याच. म्हणजे दोन महिन्यांच्या नळीतून काढलेल्या लघवीत जिवाणू सापडणं ही बातमी नव्हे, न सापडले तर बातमी. पस सेल्सचंही तेच, नळी असली की ते वाढलेले असतातच. ताप, हुडहुडी, कुशीतलं दुखणं, नव्याने आलेला भ्रम असं काही असेल तर उपचार करायचे. नुसत्या गढूळपणावर किंवा वासावर प्रतिजैविक द्यायचं नसतं. पिशवीतला नमुना तर निव्वळ दिशाभूल करतो, कारण पिशवीत लघवी तासन् तास साठून राहते आणि जिवाणूंची तिथे वेगळी वसाहत वाढते.

औषधाने गढूळपणा कमी झाला. सगळे खूश. आठवड्याभरात पुन्हा तेच. का, हे लेखात सांगायला हवं होतं.

नळी आत गेल्यावर काही वेळातच लघवीतली प्रथिनं तिच्या पृष्ठभागावर चिकटतात. या लेपाला जिवाणू धरतात, वाढतात आणि स्वतःभोवती बहुशर्करा, प्रथिनं आणि मेलेल्या पेशींतून सांडलेलं डीएनए यांचा बुळबुळीत गर तयार करतात. या थराच्या पृष्ठभागावरचे जिवाणू तरतरीत असतात, पण खोलवर अन्न आणि ऑक्सिजन तुटपुंजा, म्हणून तिथले जवळजवळ सुस्त पडलेले असतात. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं जिवाणूची भिंत बांधली जात असताना तिच्यात खोडा घालतात. ज्याचं बांधकामच थांबलंय, त्याला खोडा कसला घालणार? अमिकासिनला जिवाणूच्या आत शिरायला त्याच्या श्वसनातून मिळणारी ऊर्जा लागते, तीच खाली नसते. शिवाय हे औषध धनभारित आणि गर ऋणभारित, त्यामुळे बरंचसं वाटेतच अडकतं.

पांढऱ्या पेशींचीही तशीच गत. न्यूट्रोफिल सुटा जिवाणू गिळतो, चिकटलेला अख्खा थर त्याला गिळता येत नाही. तो आपली विकरं तिथेच ओततो आणि थराऐवजी शेजारच्या मूत्राशयाच्या अस्तरालाच इजा होते. त्यात नळीला रक्तवाहिन्या नाहीत, तेव्हा औषध असो की पेशी, जे काही थरापर्यंत पोचायचं ते लघवीतूनच. दाट लघवीत न्यूट्रोफिलची कार्यक्षमता आधीच घटलेली असते.

आता आमच्या रिपोर्टवरचं ते ‘एस’ आणि ‘आर’ बघा, म्हणजे जिवाणू कोणत्या औषधाला दाद देतो आणि कोणत्याला नाही. ही चाचणी पोषक द्रवात सुट्या तरंगणाऱ्या, भराभर वाढणाऱ्या जिवाणूंवर होते. तिथे मिलिलीटरला पाव मायक्रोग्रॅम औषध पुरत असेल, तर त्याच जिवाणूंच्या मुरलेल्या थराला शेकडो पट, कधी हजार पट लागतं. तेवढं औषध शरीराला सोसत नाही. पण तोच थर खरवडून, जिवाणू सुटे करून पुन्हा चाचणी केली तर ते त्याच औषधाला पूर्वीसारखेच दाद देतात. म्हणजे लेखात म्हटलंय तसे ते ‘औषध पचवायला शिकलेले’ नसतात, जिथे बसलेत तिथे सुरक्षित असतात, इतकंच. औषधाने लघवीत तरंगणारे मेले, लघवी स्वच्छ दिसली, औषध थांबलं, थरातून नवे सुटले. मात्र अशी अर्धवट मात्रा पुन्हा पुन्हा देत राहिलं तर खराखुरा प्रतिरोधही निवडून वर येतो. तसं झालंही. दुसऱ्या नमुन्यातला ई. कोलाय सिप्रोफ्लॉक्सासिनला जुमानत नव्हता.

मग नायट्रोफ्युरँटॉइन आलं, आणि हा या प्रकरणातला सगळ्यात चीड आणणारा भाग. पहिल्या रिपोर्टमधल्या तीन नावांत प्रोटिअस मिरॅबिलिस स्पष्ट छापलेलं होतं. हा जिवाणू नायट्रोफ्युरँटॉइनला जन्मजात दाद देत नाही, त्याला चाचणीचीही गरज नाही. त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर असतं. ते लघवीतल्या युरियापासून अमोनिया बनवतं, लघवी अल्कधर्मी होते, आणि पीएच चढला की मॅग्नेशियम, अमोनियम, कॅल्शियम यांचे फॉस्फेट खडे होऊन थरातच साचू लागतात. चढलेल्या पीएचमध्ये हे औषध तसंही मंदावतं. म्हणजे उपाय असा निवडला की जो या जिवाणूवर चालत नाहीच आणि या लघवीत तर त्याहून चालत नाही. तिसऱ्या खेपेला अमिकासिनची इंजेक्शनं, तीही म्हाताऱ्या मूत्रपिंडांवर. नळी तीच.

पुढचं लक्षण ओळखण्यासारखं होतं. नळीच्या कडेने लघवी झिरपून कपडे ओले होऊ लागले. यावर जाड नळी घालण्याचा आणि मूत्राशय शिथिल करणाऱ्या गोळीचा सल्ला मिळाला. कडेने गळती झाली की आधी पिशवीत किती जमतंय ते पाहायचं. पिशवी कोरडी आणि चादर ओली, तर नळी दुमडली आहे किंवा तुंबली आहे. इथे ती तुंबली होती. रात्रीत ओटीपोट टम्म फुगलं, हुडहुडी भरली, ताप चढला. तेव्हा कुठे नळी बदलायचं ठरलं.

काढलेली नळी उभी चिरून पाहिली तर आतल्या भिंतीला राखाडी गर, आणि टोकाच्या छिद्राभोवती चुनखडीसारखं कवच. छिद्रातून जेमतेम टाचणी गेली असती. नळी मूत्राशयात धरून ठेवणाऱ्या पाण्याच्या फुग्यावरही कवच होतं. अशा वेळी फुगा रिकामा करताना पिचकारीने जोरात ओढायचं नाही, पाणी आपसूक येऊ द्यायचं. नळी अडली तर हिसडा न देता मूत्रविकारतज्ज्ञाला बोलवायचं. कवचाचे तुकडे आत राहिले तर ते पुढच्या खड्यांचं बी ठरतात. नव्या नळीचा फुगा निर्जंतुक पाण्याने भरायचा, सलाइनने नाही, कारण त्यातल्या मिठाचे स्फटिक फुग्याची बारीक वाट बुजवू शकतात.

नव्या नळीतून नमुना घेतला गेला. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल आणि संसर्गाची लक्षणं असतील, तर हीच रीत आहे. आधी नळी बदला, मग नव्या नळीच्या रबरी नमुना-दारातून, स्पिरिटने पुसून, पिचकारीने लघवी काढा, आणि त्यानंतर औषध. या वेळी तीनऐवजी एकच जिवाणू वाढला. प्रोटिअस. आगरच्या पूर्ण ताटलीवर लाटा पसराव्यात तसा. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला व्यवस्थित दाद देणारा. दोन दिवसांत ताप उतरला, सात दिवसांत उपचार संपले. ‘अभेद्य’ वगैरे काही नव्हतं. ज्यावर तो बसला होता ते बाहेर काढलं, एवढाच फरक.

लेखाच्या शेवटी चांदीचा मुलामा दिलेल्या नळ्यांची भलामण आहे. २०१२ साली ब्रिटनमधली एक मोठी चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये आली. त्यात थोड्या दिवसांसाठी घातलेल्या अशा नळ्यांनी लक्षणांसह होणाऱ्या संसर्गात दखल घ्यावी असा फायदा दाखवला नाही. वापरायच्या तर वापरा, पण मुलाम्यावरही प्रथिनांचा लेप बसतोच, आणि लेप बसला की जिवाणूचा संबंध चांदीशी न येता लेपाशी येतो. प्रोटिअसने तुंबणाऱ्या रुग्णासाठी त्यापेक्षा साधी वही उपयोगी. नळी कधी घातली, कधी तुंबली, याच्या तारखा दोन-तीन वेळा लिहिल्या की त्या रुग्णाचा अवधी कळतो, आणि पुढची नळी त्याच्या आधी बदलता येते. हृदयाची किंवा मूत्रपिंडाची बंधनं नसतील तर पाणी वाढवल्यानेही स्फटिक धरायला वेळ लागतो. आणि नळीची गरज उरली नसेल तर ती काढणं, हे वरच्या सगळ्याहून सरस.

जाता जाता, त्या लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल. स्ट्रेचरवरच्या रुग्णाची लघवीची पिशवी त्याच्या पोटावर ठेवलेली दिसते. पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या वर गेली की तिच्यातली लघवी, तिथल्या वसाहतीसकट, उलटी वर चढते. पिशवी कायम खाली टांगायची, तिची तोटी जमिनीला किंवा लघवी ओतायच्या भांड्याला टेकू द्यायची नाही, आणि नेआण करताना ती आधी रिकामी करायची. जिवाणूंच्या शिरकावावर अर्धं पान खर्ची घालून शेजारी त्याचंच प्रात्यक्षिक छापलंत. पुढच्या पुरवणीत निदान फोटोखालची ओळ तरी दुरुस्त करावी.

आपला,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ