वरच्या पापणीचं काय? लेन्सच्या माहितीपत्रकाबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: नवशिक्यांच्या लेन्स संचातलं अपुरं माहितीपत्रक आणि हेल्पलाइनने दिलेला धोकादायक सल्ला

महोदय,

मालवणच्या पावसात स्कूटर चालवताना चष्म्यावर पाणीही धरतं आणि वाफही. म्हणून तुमच्याकडून महिनाभर वापरायच्या सॉफ्ट लेन्सचा नवशिक्यांसाठीचा संच मागवला. नंबर डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून दिला होता आणि लेन्स त्याच नंबरच्या आल्या, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती डब्यातल्या घडीच्या कागदाची.

लेन्स घालण्याविषयी त्यात लिहिलंय: ‘खालची पापणी ओढा, लेन्स बुबुळावर ठेवा, पापणी मिटू नका.’ पापणी न मिटणं माझ्या हातात असतं, तर कागदाची गरजच कुणाला होती? बोट जवळ आलं की डोळा आपोआप मिटतो, आणि मिटायला खाली येते ती वरची पापणी. तिचा तुमच्या कागदात उल्लेख नाही, चित्रातही नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. दर वेळी पापणी लेन्सवर आपटायची आणि लेन्स बोटावर दुमडून बसायची. शेवटी ती बेसिनमध्ये पडली.

तेव्हा हेल्पलाइनला फोन केला. तुमच्या प्रतिनिधीने आधी ‘घाबरू नका मॅडम, सवय होईल’ म्हटलं आणि मग लेन्स नळाखाली धुऊन पुन्हा घालायला सांगितलं. आमच्या नळाला विहिरीचं पाणी येतं. पण पाणी शहरातलं, शुद्ध केलेलं असलं तरी लेन्सला लावायचं नसतं. पाण्यात अकॅन्थअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो, तो लेन्सबरोबर बुबुळावर गेला तर नजर जाण्यापर्यंत वेळ येते. तुमच्याच सोल्यूशनच्या बाटलीवर ‘पाणी वापरू नका’ असं छापलंय. म्हणजे बाटली एक सांगते आणि माणूस दुसरं.

मी ती लेन्स टाकून दिली आणि कुडाळला एका चष्म्याच्या दुकानात गेले. तिथल्या ऑप्टोमेट्रिस्ट मुलीने आधी लेन्स काढलीच नाही. साबणाने हात धुवायला लावून, कोरडे झाल्यावर, नुसत्या बोटाने डोळ्याच्या पांढऱ्या भागाला हलकेच स्पर्श करायला सांगितलं. बुबुळ फार नाजूक, पांढरा भाग त्या मानाने कमी, त्यामुळे तिथे बोट लागलं तरी फारसं काही होत नाही. हे एकदा कळलं की अर्धी भीती गेली.

मग पापणी. डाव्या हाताचं मधलं बोट कपाळावरून खाली आणून वरची पापणी अगदी पापण्यांच्या केसांच्या मुळाशी धरायची आणि भुवईकडे दाबून ठेवायची. वर भुवईजवळ धरली तर कडा मोकळी राहते आणि डोळा मिटतोच. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने खालची पापणी ओढायची, लेन्स त्याच हाताच्या तर्जनीच्या टोकावर. तर्जनी कोरडी हवी. ओली असली तर लेन्स डोळ्याला न चिकटता बोटालाच धरून राहते; मला वाटत होतं माझाच हात कापतोय! लेन्सची कडा वाटीसारखी सरळ वर हवी, बाहेर पसरली असेल तर ती उलटी आहे. दुसरा डोळा उघडा ठेवून आरशात बघायचं, लेन्स टेकली की खाली बघायचं आणि पापण्या एकदम न सोडता हळूहळू सोडायच्या.

काढण्याबद्दल तुमच्या कागदात एकच ओळ आहे: ‘चिमटीत पकडून काढा.’ कुठून? बुबुळावरून चिमटा काढायला गेलं तर ओरखडा उठेल. तिने शिकवलं ते असं: वर बघा, लेन्सवर बोट ठेवून ती खाली पांढऱ्या भागावर सरकवा आणि तिथे बोटांच्या गादीने, नखं न लावता, चिमटा. लेन्स कोरडी पडून हलत नसेल तर ओढायची नाही. लेन्ससाठीचे थेंब घालून, थोडं थांबून, पापणीची उघडझाप करायची. लेन्स डोळ्यामागे जाईल ही धास्ती मला फार होती. पापणीच्या आतलं पातळ आवरण वळून डोळ्यालाच जोडलेलं असतं, मागे जायला वाटच नसते. एवढं एक वाक्य छापायला तुम्हाला किती खर्च आला असता?

माझ्या मागण्या अशा. वाया गेलेली लेन्स बदलून द्या. कागदात वरची पापणी कुठे आणि कशी धरायची याचं चित्र आणि काढण्याचे पूर्ण टप्पे मराठीत घाला. आणि नळाच्या पाण्याचा सल्ला आणखी किती जणांना दिला गेला ते तपासून त्या सगळ्यांना फोन करा. ही शेवटची मागणी सगळ्यात निकडीची आहे, कारण तसं कुणी केलं असेल आणि डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, तर त्यांनी लेन्स काढून लगेच डॉक्टरांकडे जायला हवं.

बिलाची आणि फोनच्या नोंदीची प्रत जोडली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

आपली,
एक ग्राहक, मालवण