दुसऱ्या दिवशी सुजलेल्या पापण्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुळशीचं लग्न झालं की आमच्या पार्लरमध्ये नवऱ्या मुलींची आणि करवल्यांची रीघ लागते आणि हल्ली त्यात पापण्यांच्या केसांवर नकली केस चिकटवून घेण्याची, म्हणजे एक्स्टेन्शनची, मागणी फार असते. मी ठाण्यात नौपाड्यात बरीच वर्षं हे काम करते. त्याच्या ग्लूबद्दल गिऱ्हाइकांना कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या हंगामात घोडबंदर रोडवरची एक मुलगी आली. तिने दुसऱ्या एका पार्लरमध्ये एक्स्टेन्शन करून घेतली होती. गळलेल्या केसांच्या जागी नवे लावायची पहिली दोन रीफिल व्यवस्थित पार पडली. तिसऱ्या रीफिलनंतर रात्री काहीच वाटलं नाही, पण सकाळी दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्या फुगलेल्या, लाल आणि प्रचंड खाजत होत्या. पार्लरवाल्या म्हणाल्या, ‘पाणी लागलं असेल, अ‍ॅलर्जीची गोळी घ्या.’ गोळीने खाज कमी झाली. पुढच्या वेळी त्यांनी ‘सेन्सिटिव्ह’ ग्लू वापरला आणि या वेळी सूज गालापर्यंत उतरली.

काम चालू असताना किंवा संपल्यावर लगेच डोळे चुरचुरले, पाणी आलं आणि काही तासांत शांत झालं, तर बहुतेक वेळा तो ग्लूच्या वाफेचा त्रास असतो. डोळा अर्धवट उघडा राहिला की असं होतं. अ‍ॅलर्जी उशिरा येते. साधारण एक-दोन दिवसांत, दोन्ही पापण्यांवर आणि खाजेसकट. आधी कितीदा काही झालं नाही याला अर्थ नसतो, कारण शरीर त्या पदार्थाला ओळखायला शिकतं ते वारंवार संपर्क आल्यावरच. एकदा ओळखलं की ते सहसा विसरत नाही.

तो पदार्थ म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, झटपट चिकटवणाऱ्या गोंदाच्या ट्यूबमध्ये असतो त्याच कुळातला. हवेतल्या दमटपणाने तो घट्ट होतो. ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेल्या ग्लूला वाफ कमी असते, पण मूळ घटक बहुधा त्याच कुळातला असतो. म्हणून डोळे चुरचुरणाऱ्या बाईला त्याचा उपयोग होईल, अ‍ॅलर्जी असलेलीला त्याचा भरवसा धरता येत नाही. केस कातडीपासून थोडं अंतर सोडून चिकटवले तरी वाफ पापणीवर बसतेच. आधी गोळी देऊन काम करणं मला सर्वांत चुकीचं वाटतं. गोळीने खाज दबते, अ‍ॅलर्जी तशीच राहते.

पॅच टेस्ट मी करते. कडेला दोन-तीन केस लावून 48 तास थांबते. पण पहिल्यांदाच येणाऱ्या मुलीची टेस्ट चांगली आली, याचा अर्थ पुढे कधीच होणार नाही असा नाही. म्हणून ग्लू बदलला की आणि मध्ये मोठा खंड पडला की मी ती पुन्हा करते.

त्या मुलीची एक्स्टेन्शन आम्ही क्रीम रिमूव्हरने सोडवली. ओढून काढली असती तर तिचे स्वतःचे केसही गेले असते. मग तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी पाठीवर पट्ट्या लावून तपासलं आणि सायनोअ‍ॅक्रिलेटचीच अ‍ॅलर्जी निघाली. आता तिला नकली नखांचा ग्लूही टाळायचा आहे. जखम शिवण्याऐवजी चिकटवणारा ग्लूही याच कुळातला असल्याने कोणत्याही ऑपरेशनआधी डॉक्टरांना सांगायचं आहे. डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा धूसर दिसत असेल, तर मात्र थेट नेत्रतज्ज्ञांकडे जायचं. केमिस्टकडून स्टेरॉइडचे थेंब आणून घालायचे नाहीत, त्याने डोळ्याचा दाब वाढू शकतो.

एक्स्टेन्शन सुटली की मुली पापण्या वाढवणारं सीरम मागतात. त्यातल्या बिमाटोप्रोस्टला अमेरिकेत 2008 मध्ये पापण्यांसाठी मान्यता मिळाली, पण ते मुळात काचबिंदूचं औषध आहे. त्याने पापणीची कातडी काळवंडू शकते आणि डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळे खोल दिसू शकतात. काही सीरममध्ये त्याच्याच जातीचा आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट असतो. लेबलवर ही नावं दिसली, तर नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मी ते कुणाला देत नाही.

ठाणे-नवी मुंबईतल्या माझ्या सहव्यावसायिक भगिनींना विनंती आहे, की बिलावर ग्लूचं नाव, मुख्य घटक आणि बाटली उघडल्याची तारीख लिहून द्या. त्या मुलीच्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच पडला होता आणि आधीच्या पार्लरकडे त्याचं उत्तर नव्हतं.

आपली,
एक ब्यूटिशियन, नौपाडा, ठाणे