विषय : ३० वॉटच्या एलईडी चिपसोबत चुकीचा ड्रायव्हर पाठवल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गोठ्यातल्या फ्लडलाइटसाठी मी आपल्याकडून ३० वॉटची चिप, ड्रायव्हर आणि हीट सिंक असा संच मागवला होता. तो काही दिवसांतच बाद झाला. आपल्या प्रतिनिधीने फोनवर दोष माझ्या थर्मल पेस्टवर ढकलला. वर सांगितलं, "ड्रायव्हर जास्त वॉटचा आहे, म्हणजे चांगलाच."

हे अॅडॉप्टरच्या बाबतीत खरं आहे. १२ व्होल्टचा अॅडॉप्टर कितीही अँपिअरचा असो, उपकरण हवा तेवढाच करंट घेतं. कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरचं तसं नसतं. त्यावर लिहिलेला करंट तो चिपमधून ढकलतोच, चिपला झेपो वा न झेपो.

आपल्या चिपमध्ये दहा-दहा एलईडींच्या तीन ओळी पॅरलल आहेत. प्रत्येक ओळीला ३०० मिलिअँपिअर, म्हणजे एकूण ९०० लागतात. आलेल्या ड्रायव्हरवर मात्र १५०० मिलिअँपिअर, ३०-३६ व्होल्ट असं छापलं आहे. हा ५० वॉटच्या, पाच ओळींच्या चिपचा ड्रायव्हर. दोन्ही चिपांचे व्होल्ट सारखेच असल्यामुळे जोडल्यावर दिवा झकास लागतो आणि चूक लपून राहते. मी मीटर सिरीजमध्ये लावून पाहिलं, तर करंट १.५ अँपिअर आणि चिपवर ३४ व्होल्ट, म्हणजे ५१ वॉट.

आता हीट सिंक. त्याचा थर्मल रेझिस्टन्स आपणच दर वॉटला १.५ अंश दिला आहे. दिलेल्या विजेतला साधारण सत्तर टक्के भाग उष्णतेत जातो असं धरलं, तर ३० वॉटला २१ वॉट उष्णता होते आणि सिंक हवेपेक्षा तीसेक अंशांनी तापतो. तेवढं चालतं. ५१ वॉटला हीच वाढ ५३ अंशांवर जाते. उन्हाळ्यात गोठ्यात ३६ अंश असतात, म्हणजे सिंकच ८९ वर, आणि आतली चिप त्याहून गरम. पेस्ट कितीही चांगली लावली तरी हा आकडा हलत नाही.

चिपकडे नीट पाहिलं तर मधल्या ओळीवरचा पिवळा थर तपकिरी पडलाय आणि ती ओळ लागतच नाही. एक ओळ गेली की तोच १५०० मिलिअँपिअर उरलेल्या दोघींत वाटला जातो, प्रत्येकी ७५०. म्हणजे त्याही फार टिकणार नाहीत. फोटो आणि ड्रायव्हरच्या लेबलचा फोटो सोबत जोडले आहेत.

मला नवी चिप आणि ९०० मिलिअँपिअरचा ड्रायव्हर विनामूल्य मिळावा. ड्रायव्हरची व्होल्टेज मर्यादा ३० ते ३६ व्होल्ट सामावणारी असावी. हीट सिंक तोच चालेल. नवा सिंक पाठवून विषय मिटवू नये. संचाच्या जाहिरातीत वॉटसोबत मिलिअँपिअरही छापावेत.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.

आपला,
एक ग्राहक