नोटिशीबद्दल, सावकाश

ग्रिम्सबी, १८ फेब्रुवारी

चि. बंड्यास अनेक आशीर्वाद. ती. आई-अण्णांस साष्टांग नमस्कार.

नोटिशीचे चारही फोटो मिळाले. तिसऱ्या पानावर आईचा हळदीचा अंगठा उमटलाय, तिथले दोन शब्द लागले नाहीत, बाकी सगळं वाचलं. फोनवर तुम्ही तिघं एकदम बोलता आणि अण्णांचं "आता कलमांची बाग विकायची काय" सुरू झालं की माझं सांगायचं राहूनच जातं. म्हणून कागदावर लिहिते. अण्णा, बाग विकायची नाही.

एक आधीच सांगते. मी इथे नोकरीच्या कायद्याचं काम करते, पण भारतात वकिली करत नाही. हे पत्र घेऊन रत्नागिरीत वकिलांकडे जा, त्यांचा शब्द शेवटचा. निदान त्यांना काय विचारायचं ते तुला कळेल.

तुझ्या जुन्या मालकांनी एकाच कागदात दोन वेगळ्या गोष्टी घातल्यात आणि मुद्दाम एकमेकींत मिसळल्यात. पहिली ही, की नोकरी सोडल्यावर दोन वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आंब्याच्या कॅनिंगमध्ये कुठेच काम करायचं नाही. दुसरी ही, की नोकरीत कळलेली "कोणतीही माहिती" आयुष्यभर गुप्त ठेवायची.

पहिलीची काळजी सोड. आपल्याकडे १८७२ चा करार कायदा आहे, त्याचं २७ वं कलम सांगतं की माणसाला कायदेशीर धंदा किंवा काम करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. धंद्याचं नाव, म्हणजे गुडविल, विकणाऱ्याला अपवाद आहे, नोकरी सोडणाऱ्याला नाही. तू सही केलीस म्हणून रद्दबातल कलम जिवंत होत नाही. नोटिशीत गोळीकरी यांच्या खटल्याचं नाव टाकून तुला घाबरवलंय. तो सर्वोच्च न्यायालयाचा १९६७ चा निकाल आहे. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातले हे गृहस्थ पाच वर्षांचा करार अर्ध्यात सोडून राजस्थानात त्याच धंद्यातल्या कारखान्यात गेले होते. न्यायालयाने त्यांना अडवलं ते करारातली पाच वर्षं संपेपर्यंतच. तुझ्या करारात मुदतच नव्हती. एक महिन्याची नोटीस देऊन, हिशेब पुरा करून तू बाहेर पडलास. १९८० मध्ये त्याच न्यायालयाने कृष्ण मुरगई यांच्या खटल्यात नोकरी संपल्यानंतरचं बंधन मानलं नाही. नोटीस लिहिणाऱ्याला हा दुसरा निकाल ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट मात्र एवढी सोपी नाही. गुप्तता पाळण्याचं वचन नोकरी संपल्यावरही टिकू शकतं, कारण त्याने तुझं काम बंद पडत नाही, मालकाचं गुपित तेवढं राखलं जातं. सगळं भांडण "गुपित" कशाला म्हणायचं यावर आहे. आपल्याकडे व्यापारी गुपितांचा वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने २०२४ मध्ये एक मसुदा सुचवला, तेवढंच. त्यामुळे आपली न्यायालयं इंग्लंडचे निकालही वाचतात, आणि त्यातला एक तुझ्यासाठीच लिहिल्यासारखा आहे.

फॅसेंडा चिकन नावाची इथली कंपनी. तिचा विक्री व्यवस्थापक फाउलर. थंड गाड्यांत ताजी कोंबडी घालून गावोगाव खाटीक आणि दुकानदारांना विकायची, ही कल्पना त्याचीच. आपल्याकडे टेम्पोत बर्फ टाकून मासळी फिरवतात ना, तसंच समज. पुढे त्याने नोकरी सोडली, त्याच भागात स्वतःच्या गाड्या काढल्या आणि कंपनीची काही माणसंही त्याच्याकडे आली. कंपनी म्हणाली की गिऱ्हाइकांची नावं-पत्ते, सोयीचे रस्ते, कोणाला कोणत्या वारी किती माल लागतो, कोणाला काय भाव, ही सगळी आमची गुपितं. १९८६ मध्ये अपील न्यायालयात कंपनी हरली.

न्यायालयाने माहितीचे तीन ढीग केले. पहिला, जो कोणालाही मिळेल. त्यात गुपित काहीच नाही. दुसरा, जो नोकरीत असताना बाहेर सांगायचा नाही, पण काम करता करता माणसाच्या डोक्यात आणि हातात मुरतो. नोकरी सुटली की तो त्याचा. तिसरा, खरं गुपित. ते नोकरी सुटल्यावरही मालकाचंच राहतं. ओळखायचं कसं? तुझं काम कुठलं होतं, माहिती कशा प्रकारची आहे, मालकाने ती गुप्त आहे असं खरोखर बजावलं होतं का आणि तसं जपलं होतं का, आणि ती तुझ्या बाकीच्या कामाच्या ज्ञानातून सहज वेगळी काढता येते का. शेवटचा प्रश्न मला सर्वांत आवडतो. जे वेगळं काढताच येत नाही ते विसर म्हणून कसं सांगणार?

आता तुझी यादी याच चाळणीने चाळू.

बागायतदारांची नावं. पावसपासून जैतापूरपर्यंत कोणाची किती कलमं आहेत हे एसटीच्या कंडक्टरलाही ठाऊक असतं. पहिला ढीग. कोणाचा आंबा आधी तयार होतो, कोण आढीतला माल वेळेवर देतो, कोण खाली बारकी फळं घालतो, हे तू नऊ हंगाम उन्हात उभा राहून शिकलास. दुसरा ढीग, तुझं आहे. गेल्या हंगामात कोणाला काय भाव दिला तेही जवळजवळ तसंच. बागायतदार स्वतःच चहाच्या टपरीवर सांगतो. येत्या हंगामासाठी कंपनीने ठरवलेला आणि अजून कोणाला न कळवलेला भाव मात्र कानावर आला असेल तर तोंड मिटून बस. तो हंगाम सरेपर्यंत गुपितच आहे, मग त्याची रद्दी.

रस शिजवण्याची पद्धत. नोटिशीत "तापमान व वेळ" असं मोठ्या थाटात लिहिलंय. आंब्याचा रस आंबट, म्हणून डबे उकळत्या पाण्यात तापवले की पुरतं, दाबाची भट्टी लागत नाही. हे फळप्रक्रियेच्या कुठल्याही पुस्तकात आहे आणि दापोलीच्या विद्यापीठातही शिकवतात. त्यात कंपनीचं काय गेलं?

पण ते आइस्क्रीमवाल्यांचं मिश्रण. हापूस किती, दुसऱ्या जातीचा रस किती, आणि गोठल्यावर रंग उतरू नये म्हणून कोणता क्रम. तूच सांगितलंस की तीन हंगाम चाचण्या करून ते बसवलं, वही मॅनेजरच्या कपाटात कुलपात असे आणि चौघांनाच ठाऊक होतं. बंड्या, हा तिसरा ढीग. नवे मालक लाडीगोडीने विचारतील, "अंदाजे तरी सांग" म्हणतील. अंदाजही सांगायचा नाही. त्यांनी स्वतः चाचण्या करून तिथपर्यंत पोचावं, त्याला कोणाची ना नाही, पण त्या चाचण्यांत तू बसू नकोस. (तो रस "शुद्ध हापूस" म्हणून विकला जात असेल तर गोष्ट निराळी. ग्राहकाची फसवणूक गुपिताच्या नावाखाली झाकता येत नाही. पण डब्यावर नुसतं "आंबा रस" असतं असं तू म्हणालास, मग तो मुद्दा नाही.)

आता जे तू फोनवर घाईघाईत सांगून विषय बदललास त्याकडे येते. शेवटच्या आठवड्यात खरेदीची एक्सेल फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवलीस. "असू दे जवळ" म्हणून. सगळ्या नोटिशीत मला भीती आहे ती या एका ओळीची. १८९५ चा इथलाच जुना खटला आहे, रॉब विरुद्ध ग्रीन. शिकारीची पाखरं आणि त्यांची अंडी विकणाऱ्या धंद्यातल्या व्यवस्थापकाने नोकरी सोडण्यापूर्वी मालकाच्या वहीतून गिऱ्हाइकांची यादी उतरवून घेतली, आणि तो हरला. त्यातली बरीच नावं कोणालाही शोधून मिळाली असती, तरी हरला. डोक्यातून नेणं आणि वहीतून उतरवून नेणं यात न्यायालय फरक करतं. तुझ्या फाइलमधली निम्मी माहिती तुला तोंडपाठ असेल, पण फाइल कंपनीची आहे, आणि परवानगीशिवाय डेटा उतरवून घेतला म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३ वं कलमही ते काढू शकतात.

म्हणून काय करायचं ते नीट वाच. फाइल उघडू नकोस, नव्या ऑफिसच्या संगणकावर घेऊ नकोस, कोणाला पाठवू नकोस, आणि पुसूही नकोस. आत्ता पुसलीस तर ईमेल गेल्याची नोंद त्यांच्याकडे राहणारच, वर पुरावा नष्ट केला असं दिसेल. वकिलांकरवी उत्तर जाऊ दे: फाइल आहे, अमुक तारखेला आली, वापरलेली नाही, परत देतो आणि तुमच्या लेखी संमतीनंतर पुसतो. त्याच उत्तरात विचारायचं की गुपित म्हणजे नेमकं काय, एकेक बाब लिहून द्या. "कोणतीही माहिती" एवढ्यावर मनाईहुकूम मिळणं अवघड असतं. न्यायालय विचारणारच, मनाई कशाची करू? अमेरिकन एक्स्प्रेस बँकेने प्रिया पुरी यांच्यावर दिल्लीत दावा केला, त्यात २००६ मध्ये उच्च न्यायालयाने म्हटलं की गुप्त माहितीचं कारण पुढे करून माणसाची दुसऱ्या नोकरीची वाट अडवता येत नाही. वकिलांना हे नाव सांग.

आणि ते दहा लाख, ज्यांनी अण्णांची झोप उडवलीय. करारात आकडा लिहिला म्हणून तो आपोआप द्यावा लागत नाही. त्याच १८७२ च्या कायद्याचं ७४ वं कलम आहे: न्यायालय वाजवी भरपाई ठरवतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. तू मिश्रण फोडलंस आणि त्यांचं मोठं गिऱ्हाईक तुटलं तर भरपाई मोठी होऊ शकते. तू पावसच्या काकांकडून आंबा घेतलास म्हणून दहा लाख कोणी लावणार नाही.

इथे सकाळी गोदीवरून वास आला की मला मिरकरवाडा आठवतो. थंडी मात्र मिरकरवाड्याची नाही. आईला सांग, कोकमं पोचली, पिशवी फुटली नव्हती.

सोमवारी वकिलांकडे जाताना मूळ करार ने, नुसती नोटीस नको. त्याला "परिशिष्ट अ" जोडलंय असं सातव्या कलमात दिसतं, आणि ते पान तू पाठवलेलं नाहीस. कंपनीने गुप्त बाबींची यादी केली असेल तर ती तिथेच असेल. आज रात्री शोध आणि फोटो पाठव, हळद पुसून.

तुझी,
ताई