सोळा लाखांचं ऑफर लेटर

चिंचवड, ११ मे २०२६

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल जेवताना तू फोनवर ऑफर लेटर दाखवलंस आणि "बाबा, बारावरून सोळा, सरळ तेहेतीस टक्के!" म्हणालीस. आईने लगेच शिरा केला. मी गप्प होतो, ते तुला खटकलं असणार. भोसरीच्या टाइम ऑफिसात आणि नंतर पगार विभागात माझी हयात गेली, त्यामुळे पगाराचा कागद दिसला की माझा हात आधी पेन्सिलीकडे जातो. तू बाणेरला गेल्यावर प्रिंट काढून बसलो.

त्या सोळा लाखांत काय काय आहे बघ. बेसिक महिना ६०,००० धरलाय. त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ वर्षाला ८६,४००. ग्रॅच्युइटीपोटी ३४,६३२, जी पाच वर्षं टिकलीस तर हातात येणार. विम्याचा हप्ता १५,०००. व्हेरिएबल २,४०,०००. आणि जॉइनिंग बोनसचा एक लाखही त्यांनी त्याच सोळात कोंबलाय, म्हणजे पुढच्या वर्षी तो आपोआप गळणार. एवढं वजा केलं की उरतात ११,२३,९६८, महिन्याला साधारण ९३,७००. आत्ताच्या बारा लाखांतून पीएफ, ग्रॅच्युइटी आणि लाखभर व्हेरिएबल काढलं तर तुझे महिन्याला ८३,००० होतात. हे दोन्ही आकडे तुझ्या वाट्याचा पीएफ आणि टॅक्स कापायच्या आधीचे आहेत. वाढ झाली दहा हजार सातशेची, म्हणजे जेमतेम तेरा टक्के. घरभाडं आणि गाडीचा हप्ता याच पैशातून जातो, सीटीसीतून जात नाही.

म्हणून एचआरशी "पॅकेज" या शब्दावर बोलूच नकोस. महिन्याच्या फिक्स्डवर बोल. व्हेरिएबल दोन चाळीसचं निम्मं करून उरलेलं एक लाख वीस हजार फिक्स्डमध्ये टाका, जॉइनिंग बोनस सोळाच्या बाहेर ठेवा आणि त्याने सोळात मोकळा झालेला लाखही फिक्स्डमध्ये घ्या, असं माग. बेसिक तोच ठेवला तर महिन्याला १,१२,००० होतात. तेव्हा कुठे तुझे तेहेतीस टक्के खरे ठरतात. एकदम मिळणार नाही. मनाशी १,०५,००० ची रेघ मार आणि तिच्या खाली येऊ नकोस.

ते म्हणतील, "व्हेरिएबल सगळ्यांना पूर्ण मिळतं." मग शांतपणे विचार, गेल्या दोन वर्षांत या टीमला किती टक्के मिळालं? पूर्ण मिळत असेल तर त्यातलं निम्मं फिक्स्डमध्ये घालायला त्यांचं जास्तीचं फारसं काही जात नाही. उत्तर गुळमुळीत आलं तर व्हेरिएबल किती धरायचं ते तुझं तुला कळेल.

आणखी एक डाव असतो. "तुमचा करंट सीटीसी बारा, आमची पॉलिसी तीस टक्के हाइकची, आम्ही तर तेहेतीस दिले." मंडईत विकणारा आपली खरेदीची किंमत कधी सांगत नाही, इथे मात्र तुझ्या तीन महिन्यांच्या पे-स्लिप आधी मागून घेतात. पाच वर्षं एकाच ठिकाणी राहिलेल्या माणसाला हे जास्त बोचतं, कारण त्याचा पगार वर्षाच्या इन्क्रिमेंटने मुंगीच्या पावलाने वाढलेला असतो आणि टक्के त्याच आकड्यावर मोजतात. तुझ्याच टीममध्ये गेल्या वर्षी बाहेरून आलेला मुलगा तुझ्यापेक्षा जास्त घेतो, हे तूच सांगितलं होतंस. आकडा लपवू नकोस, खोटा तर मुळीच सांगू नकोस. बॅकग्राउंड चेकमध्ये पे-स्लिप आणि फॉर्म १६ दोन्ही तपासतात. फक्त एवढंच म्हण: "माझा आधीचा पगार जुन्या कामाचा आहे. या पदासाठी तुमची रेंज काय आहे?" आणि गप्प बस. ती शांतता तू भरून काढू नकोस, ही तुझी लहानपणापासूनची खोड आहे.

आता मला खरी काळजी आहे ती तारखेची. तू २ ऑगस्ट २०२१ ला लागलीस, तेव्हा पाच वर्षं १ ऑगस्टला पूर्ण होतात. नव्यांना तू १५ जुलैला हवीस, आणि उरलेल्या नोटिसचं बायआउट ते भरणार म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. पण शेवटचा दिवस १४ जुलै झाला तर पाच वर्षांना अठरा दिवस कमी पडतात. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटच्या बेसिकला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि वर्षांनी गुणायचं. तुझा बेसिक ५०,०००, म्हणजे पाच वर्षांचे १,४४,२३० होतात. चार वर्षं आणि २४० दिवस भरले तरी हक्क लागतो, असा अर्थ काही निकालांत लावलाय, तेव्हा भांडून तुला मिळेलही. पण अनेक कंपन्या पूर्ण पाचच मोजतात, आणि नव्या नोकरीत रुळताना त्यामागे कोण हेलपाटे घालणार?

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. १९९४ साली दोनशे रुपये जास्त मिळतात म्हणून मी एक वर्कशॉप सोडलं, तेव्हा चार वर्षं सात महिने झाले होते. बेसिक २,४०० होता. पाच महिने थांबलो असतो तर जवळजवळ सात हजार हातात आले असते. ते दोनशे रुपये सात हजारांना पुरे पडायला तीन वर्षं लागली. आईला हे मी कधी सांगितलं नव्हतं, आता हे पत्र ती वाचणारच.

तर नव्यांना सांग की मी नव्वद दिवसांची नोटीस पूर्ण करून सोमवारी, १७ ऑगस्टला रुजू होते. या आठवड्यात राजीनामा दिलास तर नोटीस ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात संपते, म्हणजे हिशोब बसतो. शिवाय त्यांचे बायआउटचे पैसे वाचतात, हे बोलताना आवर्जून सांग. अगदीच अडून बसले तर जॉइनिंग बोनसमध्ये ग्रॅच्युइटीचे १,४४,२३० वेगळे धरून द्या म्हणावं.

जॉइनिंग बोनसखालची बारीक अक्षरं वाचलीस का? बारा महिन्यांत सोडलं तर सगळा बोनस परत, आणि तोही टॅक्स कापायच्या आधीचा आकडा. म्हणजे हातात सत्तर-ऐंशी हजार येणार आणि परत लाख करायचे. जितके महिने काम केलं तेवढा भाग वजा करून उरलेलाच परत, असं लिहून माग. या बाबतीत ते सहसा ऐकतात.

पीएफ काढू नकोस, यूएएन तोच ठेवून ट्रान्सफर कर.

जुनी कंपनी राजीनाम्यानंतर अचानक प्रेमात पडेल, "किती देतात सांग, आम्ही बघतो" म्हणेल. तुला तिथे राहायचंच असेल तर ते आत्ता, राजीनाम्याआधी विचार. नंतर मोह होतो. आणि नव्यांचं सुधारलेलं लेटर, फिक्स्डचा आकडा आणि १७ ऑगस्ट ही तारीख घालून, मेलवर आल्याशिवाय राजीनाम्याचं बटण दाबू नकोस. "एचआर फोनवर हो म्हणाली" याला माझ्या टाइम ऑफिसात रजिस्टर नव्हतं.

मेल लिहिलास की पाठवायच्या आधी मला दाखव. दोन ओळींत लिही, कारणं फार देऊ नकोस. शिरा थोडा उरलाय, आई डबा भरून ठेवतेय.

तुझा,
बाबा