शोकसभेतील तीन मिनिटे

निफाड, जि. नाशिक

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन ठेवल्यापासून मला नीट झोप लागली नाही. तुमच्या माल रवानगी विभागाचे काम पाहणारा, चाळिशी नुकतीच ओलांडलेला माणूस रविवारी पहाटे झोपेत जातो आणि सोमवारी त्याच्या टेबलावर चष्म्याचे घर तसेच पडलेले असते, हे तू सांगितलेस तेव्हा मला काही बोलता आले नाही. येत्या शुक्रवारी चार वाजता अंबडच्या तुमच्या कार्यालयात शोकसभा आहे, शाखाप्रमुख म्हणून तुलाच बोलायचे आहे आणि त्यांच्या पत्नी, वडील व नववीतला मुलगा समोर बसणार आहेत. ‘बाबा, मी काय बोलू?’ या तुझ्या प्रश्नाचे उत्तर फोनवर देण्यासारखे नव्हते, म्हणून लिहितो आहे.

सभा तेराव्यानंतर ठेवलीस हे योग्य केलेस. सुतकात घरची माणसे येऊ शकली नसती, आणि घरच्यांशिवाय घेतलेली शोकसभा ही कार्यालयाने स्वतःपुरती उरकलेली सभा ठरते.

दशक्रियेला तू रामकुंडावर गेली होतीस. तेथे प्रवचन झाल्यावर एकामागून एक माणसे श्रद्धांजलीसाठी उठली, सोसायटीच्या वतीने, भजनी मंडळाच्या वतीने, भाऊबंदांच्या वतीने, असे तू सांगितलेस. आपल्या जिल्ह्यात ती रीत आहे आणि तेथे ती शोभते, कारण कोण कोण आपल्यासाठी आले, हे नावानिशी ऐकून घराला आधार वाटतो. कार्यालयातील सभेचे तसे नाही. तेथे घरची माणसे परक्या जागी, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, अनोळखी चेहऱ्यांसमोर बसलेली असतात आणि त्यांना किती वेळ धीर धरता येईल याला मर्यादा असते. म्हणून तू एकटीने बोलावे, फार तर गेलेल्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एका सहकाऱ्याने, आणि तुझे बोलणे तीन मिनिटांच्या आत संपावे. अशा प्रसंगी आपण नेहमीपेक्षा सावकाश बोलतो, मध्ये थांबतो. मिनिटाला नव्वद-शंभर शब्दांपेक्षा अधिक होत नाहीत. तेव्हा कागदावर अडीचशेपेक्षा जास्त शब्द लिहू नकोस, आणि जे लिहिशील ते वाचूनच दाखव. पाठ करून बोलायला गेलेला माणूस त्या मुलाकडे नजर जाताच वाक्य विसरतो, आणि मग तोंडी बसलेली वाक्ये आपोआप बाहेर येतात.

ती तोंडी बसलेली वाक्येच मला टाळायला सांगायची आहेत. ‘नियतीने घाला घातला’, ‘कधीही भरून न येणारी पोकळी’, ‘हसतमुख, मनमिळाऊ, कष्टाळू’ यांत खोटे काही नाही. पण ही वाक्ये कोणाच्याही शोकसभेत जशीच्या तशी बसतात, आणि समोर बसलेल्या पत्नीला त्यातून आपला माणूस दिसत नाही. ‘चांगली माणसे देवालाही हवी असतात’ हे तर म्हणूच नकोस. ज्या वडिलांनी मुलाला अग्नी दिला, त्यांना ते ऐकवणे क्रूरपणा आहे. मृत्यू कसा झाला, हेही सांगायचे नाही. हृदयविकाराचा उल्लेख झाला की पुढचे वाक्य हमखास ‘आपण सर्वांनी वेळेवर तपासणी करून घ्यावी’ असे येते, आणि सदहेतूने म्हटलेल्या त्या वाक्यातून त्यांनी स्वतःची हेळसांड केली असा ठपका मृतावर व त्यांच्या घरावर बसतो. आरोग्य तपासणीचे शिबिर पुढच्या महिन्यात अवश्य घ्या; त्या सभेत त्याचा उच्चार नको.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक तुला सांगतो. ती मी तुझ्या आईलाही पुष्कळ वर्षांनी सांगितली. सातपूरला कारखान्याच्या कार्मिक विभागात असताना एका कामगाराच्या शोकसभेत मला बोलायला उभे केले. त्यांच्या पत्नी समोर रडत होत्या. मला ते पाहवले नाही आणि मी म्हणालो, ‘वहिनी, तुमच्या मुलाच्या नोकरीची काळजी कंपनी घेईल.’ मला तसा अधिकार नव्हता आणि कोणी तसे ठरवलेही नव्हते. त्या बाई पुढच्या वर्षभरात तीन वेळा अर्ज घेऊन फाटकावर आल्या. तिसऱ्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत, नुसता कागद माझ्या हातात देऊन उभ्या राहिल्या. त्या क्षणी माझ्या मनातील कळवळा खरा होता. पण त्याची किंमत त्यांनी फेऱ्या मारून चुकवली. म्हणून कार्यालयाने लेखी ठरवलेले नाही असे एकही आश्वासन देऊ नकोस. ‘आम्ही सदैव पाठीशी आहोत’ हेसुद्धा आश्वासनच असते.

त्यांच्या हक्काचे जे आहे, त्याचे काम मात्र सभेआधी सुरू कर. त्यांची नोकरी साडेतीन वर्षांची झाली होती, असे तू म्हणालीस. ‘पाच वर्षे पूर्ण नाहीत, त्यामुळे ग्रॅच्युइटी नाही’ असे तुमच्याकडचा एखादा कारकून सांगेल. ते चुकीचे आहे, सेवेत असताना मृत्यू झाल्यास पाच वर्षांची अट लागू होत नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेखेरीज त्याच खात्याला जोडलेली विम्याची रक्कम असते, ती नियमांप्रमाणे कमाल ७ लाख रुपयांपर्यंत मिळते, आणि पत्नीला व मुलाला निवृत्तिवेतनाचा हक्क असतो. वारस नोंद कोणाच्या नावे आहे, ते आजच पाहून घे. लग्नाआधी नोकरी सुरू केलेल्यांच्या नोंदीत पुष्कळदा आईचेच नाव राहून गेलेले असते. यातील एकही आकडा सभेत उच्चारायचा नाही. सभेत एवढेच सांगायचे की कागदपत्रांसाठी कार्यालयातील माणूस घरी येईल, आणि तो माणूस कोण हे तू आधी ठरवलेले असले पाहिजे.

मग बोलायचे काय? ते तू स्वतःच मला फोनवर सांगितलेस, बोलता बोलता, त्या वहीबद्दल. कार्यालयाला जे दिसले आणि घराला दिसणे शक्य नव्हते, तेच कार्यालयाने घराला द्यावे. मी एक मसुदा करून पाहिला आहे. तुझ्या शब्दांत बदलून घे.

‘आपले सहकारी (येथे त्यांचे पूर्ण नाव) यांचे दोन आठवड्यांपूर्वी निधन झाले. गेली साडेतीन वर्षे ते आपल्या माल रवानगी विभागाचे काम पाहत होते. त्यांच्या पत्नी, वडील आणि मुलगा आज येथे आले आहेत. त्यांच्या दुःखात आम्ही सर्व सहकारी सहभागी आहोत.

आपला माल न्हावाशेवा बंदरात जातो आणि गाड्या संध्याकाळी निघतात. गाडी फाटकाबाहेर पडली की कार्यालयाचे काम कागदोपत्री संपते. त्यांचे संपत नसे. प्रत्येक चालकाचा फोन क्रमांक त्यांनी एका वहीत लिहून ठेवला होता. पावसाळ्यात रात्री जेवण झाल्यावर ते फोन करत, हे घरच्यांनी पाहिले असेल. तो फोन त्या चालकांना असे आणि पहिला प्रश्न असे, “कसारा घाट उतरलात का?” मालाबद्दल ते त्यानंतर विचारत. हे काम त्यांना कोणी नेमून दिले नव्हते. मागच्या आठवड्यात तीन चालक स्वतःहून आले आणि त्यांच्या टेबलापाशी काही वेळ उभे राहिले.

कार्यालयातील कागदपत्रांसाठी आपणांपैकी कोणालाही येथे यावे लागणार नाही. आमचे लेखा विभागातील सहकारी घरी येऊन ते काम पूर्ण करतील.

आता आपण सर्वजण उभे राहून, दोन मिनिटे स्तब्ध राहून त्यांना श्रद्धांजली अर्पण करू या.’

हे सावकाश वाचले तर दोन मिनिटांच्या जरा आत संपते. पत्नीला रात्रीच्या त्या फोनांचा कधी राग आला असेल, ही शंका मनात धरून मी ते वाक्य लिहिले आहे. तुला धोका वाटला तर काढून टाक. त्यांच्या नावाआधी ‘कैलासवासी’ लावायचे की ‘दिवंगत’, हे त्यांच्या वडिलांना विचारून ठरव. नाव आणि रुजू झाल्याचा दिवस सेवापुस्तकातून घेतलास तरी घरच्यांकडून पडताळून घे. माझ्या नोकरीत एका सभेत मृताच्या मुलीचे नाव चुकीचे वाचले गेले होते. ती मुलगी जागेवरून उठून बाहेर गेली, आणि त्यानंतर झालेले चांगले बोलणे कोणाच्या कानात शिरले नाही.

दोन मिनिटे घड्याळ पाहून मोज, कारण मनाने मोजलेली दोन मिनिटे चाळीस-पन्नास सेकंदांतच संपतात आणि लोकांना ते जाणवते. संपल्यावर ‘धन्यवाद’ म्हणू नकोस. सवयीने कोणीतरी टाळी वाजवतो. ‘आपण बसावे’ एवढे म्हण. आभारप्रदर्शन ठेवू नका. आधी घरच्यांना निघू दे, तू त्यांच्याबरोबर गाडीपर्यंत जा, आणि मगच बाकीच्यांनी उठावे.

त्यांच्या टेबलावरच्या वस्तू, चष्म्याचे घर, डबा, छत्री, या सभेत सर्वांसमोर देऊ नका. त्या एका स्वच्छ पिशवीत नीट ठेवून दोन दिवसांनी तू आणि ते लेखा विभागाचे सहकारी घरी घेऊन जा. वहीत चालकांचे क्रमांक आहेत, त्यामुळे ती कार्यालयात राहावी असे कोणी म्हणेल. क्रमांक उतरवून घ्या आणि वही त्या मुलाच्या हातात दे.

शुक्रवारी संध्याकाळी सभा आटोपल्यावर फोन कर. मी जागा असेन.

तुझा,
बाबा