पिकलेली दाढी चालते, मग पिकलेला भांग का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत पांढऱ्या केसांवर लेख आला होता, "बायकांनी वय मिरवावं, आत्मविश्वास ठेवावा" वगैरे. लेख छान होता हो, पण लिहिणाऱ्याने कधी कोणाच्या डोक्याला ब्रश लावलेला दिसत नाही. मी लालबागला पार्लर चालवते, बरीच वर्षं झाली, आणि माझ्या खुर्चीत बसणाऱ्या बायकांचा प्रॉब्लेम आत्मविश्वासाचा नाहीये, तो भांगाचा आहे.

म्हणजे कसं, ते सांगते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, बाईचे काय आणि पुरुषाचे काय. रंग लावल्यावर तीन-चार आठवड्यांत भांगात पांढरी रेघ दिसायला लागते आणि काळ्याभोर केसांत ती रेघ पूर्ण पांढऱ्या डोक्यापेक्षा जास्त उठून दिसते. मग रूट टचअप. माझ्याकडे त्याचे ८०० रुपये, लालबागच्या मानाने ठीकच, टाउनला याच्या दुपटीने घेतात. दर चार आठवड्यांनी म्हटलं तर वर्षाला १३ वेळा, म्हणजे १० हजार ४०० रुपये, आणि प्रत्येक वेळी दीड तास बसायचं ते वेगळंच. पुरुषांचं काय होतं, केस दोन इंचाचे, दर महिन्याला कटिंग, त्यामुळे एखाद्याने रंग लावायचा बंद केला तरी चार-पाच महिन्यांत जुना रंग कापून निघून जातो, कोणाच्या लक्षातही येत नाही. कमरेपर्यंत केस असलेल्या बाईला तेच करायला चार ते पाच वर्षं लागतात! खांद्यापर्यंत कापले तरी दोन वर्षं गेलीच. तेवढा काळ डोक्यावर वर पांढरे, मध्ये पट्टा आणि खाली लालसर तपकिरी असे तीन रंग घेऊन फिरायचं, आणि लोकलमध्ये, लग्नात, ऑफिसात प्रत्येकाने विचारायचं, "काय गं, बरं नाही का?"

हा प्रश्न पुरुषाला कोणी विचारत नाही. त्याचे केस पिकले की तो अनुभवी दिसतो, सॉल्ट अँड पेपर म्हणे. तिचे पिकले की ती आजारी असते, नाहीतर घरात काहीतरी झालेलं असतं, नाहीतर "हिने स्वतःकडे लक्ष द्यायचंच सोडलं". गंमत म्हणजे पुरुषाने रंगवले तर त्याला हसतात (शाई लावून आलाय म्हणतात) आणि बाईने नाही रंगवले तर तिला. सुरकुत्यांच्या बाबतीत निदान थोडं तरी निसर्गाकडे बोट दाखवता येतं, पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत बाईच्या त्वचेतलं कोलॅजन जवळजवळ ३० टक्के कमी होतं, आणि पुरुषांची कातडी मुळात जाड. पण केसांचं तसं नाही ना, मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी थकल्या की केस पांढरा उगवतो, दोघांचाही.

आता माझ्या एका कस्टमरचं सांगते. पन्नाशी जवळ आलेली, एका खासगी ऑफिसात फ्रंट डेस्कला, पगार महिन्याला २२ हजार. मध्ये पैसे वाचवायला म्हणून तिने माझ्याकडे येणं थांबवलं आणि घरीच पाकिटातली काळी मेहंदी लावायला लागली, मेहंदी म्हणजे नॅचरल असं धरून. दोन-तीन वेळा काही झालं नाही. मग एकदा रात्री डोकं खाजायला लागलं, दुसऱ्या दिवशी कानामागे पुरळ, आणि तिसऱ्या दिवशी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. स्किनच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या विचारलं, केसाला काय लावलंत?

तिला बाधलं ते पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलिनडायमीन नावाचं रसायन. काळ्या रंगांमध्ये बहुतेक हेच असतं, आणि साधी मेहंदी पांढऱ्या केसावर नारिंगीच चढते, त्यामुळे पाकिटातली मेहंदी अर्ध्या तासात काळाकुट्ट रंग देत असेल तर आत बरेचदा हेच आहे समजा. "अमोनिया-फ्री" लिहिलं म्हणजे पीपीडी नाही असं अजिबात नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि पहिल्या वेळी काही झालं नाही म्हणून कायम सेफ असंही नाही, शरीर एकदा का त्याच्यावर बिथरलं की ते आयुष्यभराचं, पुढच्या वेळी आणखी जोरात. म्हणूनच कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबायचं असतं, दर वेळी. पण खरं सांगू, उद्या ऑफिसात कार्यक्रम आहे म्हणून आज संध्याकाळी सहाला धावत येणारी बाई ४८ तास थांबत नाही, आणि नाही म्हटलं तर समोरच्या पार्लरमध्ये जाते.

तर हिला डॉक्टरांनी रंग बंद करायला सांगितला. मी केस खांद्याच्या वर कापून दिले, भांग वाकडा पाडून दिला म्हणजे रेघ जरा लपते. साधी मेहंदी आणि त्यावर निळीच्या पानांची पूड हा मार्ग असतो, पण त्यात तीन-चार तास जातात, शिवाय पेठेत मिळणाऱ्या निळीत काय मिसळलंय याची खात्री मी देऊ शकत नाही म्हणून मीच नको म्हटलं. दोन महिन्यांनी साहेबांनी बोलावून घेतलं, जरा प्रेझेंटेबल राहा म्हणाले. तिने डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. मग तिला आत फाइलिंगला बसवलं, पगार तोच पण फ्रंट डेस्कचा भत्ता गेला. आणि हे सांगणाऱ्या साहेबांची स्वतःची दाढी पांढरी, ऑफिसातल्या मुली त्यांना डॅशिंग म्हणतात!

आपल्याकडे हे काही नवीन नाही. एअर इंडियात एअर होस्टेसला ३५ व्या वर्षी निवृत्त करायचे, वरिष्ठांच्या मर्जीने फार तर ४५ पर्यंत वाढवून द्यायचे, आणि त्याच विमानात काम करणारे पुरुष पर्सर ५८ पर्यंत. १९८१ मध्ये एअर होस्टेस नर्गेश मिर्झा यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पहिल्या गर्भारपणाला नोकरी जाण्याची अट रद्द केली, मर्जीचा भागही काढला, पण वयातला हा फरक मात्र राहू दिला, का तर दोघांचं केडर वेगळं. आज असा आकडा कोणी कागदावर लिहीत नाही, "प्रेझेंटेबल" म्हणून भागतं.

म्हणून आत्मविश्वासाचा सल्ला बायकांना देण्याआधी तुम्ही एक करा, मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांची, बँकांची, हॉस्पिटलांची ग्रूमिंगची नियमावली मागवा आणि बाजूबाजूला छापा, पुरुषांच्या केसांबद्दल काय लिहिलंय आणि बायकांच्या केसांबद्दल काय. केस स्वच्छ आणि विंचरलेले असावेत, एवढी एक ओळ दोघांना पुरते. माझा धंदा थोडा कमी होईल त्याने, तो मी बघून घेईन.

आपली,
एक पार्लरवाली, लालबाग, मुंबई